छातीतला ‘जुना डाग’ आणि रुंदावलेली श्वासनळी

टीबीचा कोर्स पूर्ण करून दहा-बारा वर्षे उलटली, तरी खोकला काही पाठ सोडत नाही, असे एखादे माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असते. कोणाची अम्मी, कोणाचे मामू, कोणाची मोठी नणंद. एक्स-रे काढला की उत्तर ठरलेले असते : “जुना डाग आहे, काळजी करू नका.” काही ठिकाणी याच्या उलट घडते. तोच डाग पाहून थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू होतात. आजाऱ्याचे या दोन्हींमध्ये नुकसान होते, कारण डाग आणि खोकला यांचा संबंध आहे की नाही, हे कोणी पाहिलेलेच नसते.

अलीकडे छातीचा सीटी स्कॅन तालुक्याच्या गावीही होऊ लागला आहे. रिपोर्ट हातात येतो तेव्हा त्यात एक लांबलचक शब्द असतो : फायब्रो-ब्रॉन्कायेक्टॅटिक चेंजेस. घरात तो कोणालाच कळत नाही. या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी जोडलेल्या आहेत. ‘फायब्रो’ म्हणजे भरून आलेल्या जखमेचा कडक व्रण, आणि ‘ब्रॉन्कायेक्टॅसिस’ म्हणजे कायमची रुंदावलेली श्वासनळी. व्रण सहसा स्वस्थ पडून राहतो. रुंदावलेली नळी मात्र रोज कफ साठवते. त्यामुळे खोकल्याच्या आजाऱ्याचा सीटी वाचताना या दोन गोष्टी सुट्या करून पाहणे हेच मुख्य काम असते. ते कसे करतात, ते आपण या लेखात पाहू.

नळी रुंदावते म्हणजे काय होते?

घशातून खाली उतरणारी मुख्य श्वासनळी छातीत दोन फांद्यांत विभागते. पुढे प्रत्येक फांदीला आणखी फांद्या फुटतात आणि त्या निमुळत्या होत फुप्फुसाच्या कडेपर्यंत पोहोचतात. नळ्यांच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात. धूळ आणि जंतू पातळ चिकट स्रावात अडकतात आणि हे तंतू तो स्राव हळूहळू वर घशाकडे ढकलत राहतात. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही.

टीबी, लहानपणीचा जोराचा न्यूमोनिया, गोवर किंवा डांग्या खोकला यांनी नळीच्या भिंतीतले लवचीक आणि स्नायूंचे थर खराब झाले, तर भिंत सैल पडते आणि नळी फुगते. तिथले तंतूही गेलेले असतात. मग कफ वर सरकत नाही, तिथेच साचतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते आणि सुजेमुळे भिंत आणखी खराब होते. आजार मुळात बरा झाला तरी हे चक्र चालूच राहते.

स्टेथोस्कोप तयार करणारे फ्रेंच वैद्य लाएनेक यांनी 1819 साली या विकाराचे वर्णन केले होते. आपल्या देशात त्याचे सर्वांत मोठे कारण आजही टीबीच आहे. भारतातील 31 केंद्रांमधील 2195 रुग्णांची नोंद 2019 साली प्रसिद्ध झाली. त्यांतील साधारण 35 टक्के लोकांमध्ये ब्रॉन्कायेक्टॅसिसच्या मुळाशी पूर्वी झालेला टीबी होता.

सीटीवर काय दिसते?

साध्या एक्स-रेमध्ये संपूर्ण छाती एकाच सावलीत येते. हृदय, बरगड्या आणि नळ्या एकमेकांवर चढतात, त्यामुळे सुरुवातीचा ब्रॉन्कायेक्टॅसिस त्यात निसटून जाऊ शकतो. सीटीमध्ये छातीचे पातळ काप दिसतात. या कामासाठी काप सुमारे 1 मिलिमीटर जाडीचे लागतात. त्यालाच एचआरसीटी म्हणतात. केवळ नळ्या पाहायच्या असतील तर शिरेतून औषध सोडावे लागत नाही. पूर्ण श्वास भरून काही सेकंद रोखून धरणे एवढेच आजाऱ्याला करायचे असते.

असा काप पाहताना तज्ज्ञ डॉक्टर मुख्यतः तीन खुणा शोधतात.

पहिली खूण अंगठीची. फुप्फुसात प्रत्येक श्वासनळीच्या शेजारून एक रक्तवाहिनी जाते आणि निरोगी माणसात दोघींची जाडी जवळजवळ सारखी असते. सीटीवर नळीत हवा असल्यामुळे ती काळ्या गोल छिद्रासारखी आणि रक्तवाहिनी पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. नळी रुंदावली की काळे वर्तुळ मोठे होते आणि त्याच्या कडेला छोटा पांढरा ठिपका चिकटलेला दिसतो. खडा बसवलेली अंगठी समोरून पाहिली तर जशी दिसेल, तसेच हे चित्र असते. नळीची आतली रुंदी शेजारच्या रक्तवाहिनीपेक्षा जास्त असेल तर ती रुंदावली आहे असे मानतात.

दुसरी खूण निमुळतेपणाची. फांदी पुढे जाईल तशी बारीक व्हायला हवी. आजारी नळी बारीक न होता तशीच पुढे जाते. काप तिच्या लांबीच्या दिशेने गेला असेल तर दोन समांतर रेघा दिसतात, ट्रामच्या रुळांसारख्या. रुंदी फार नसली तरी ही खूण सुरुवातीचा आजार पकडून देते.

तिसरी खूण कडेची. फुप्फुसाच्या आवरणापासून 1 सेंटिमीटरच्या आत सहसा एकही नळी दिसत नाही, कारण तिथपर्यंत त्या फारच बारीक झालेल्या असतात. तिथे नळी स्पष्ट दिसली, तर ती रुंदावलेली आहे.

यांच्या जोडीला काही पूरक खुणा असतात. भिंत जाड झालेली दिसते. काही नळ्या काळ्या न दिसता पांढऱ्या भरीव दिसतात, म्हणजे त्यांत कफाचे बूच बसले आहे. अगदी टोकाच्या बारीक नळ्या कफाने भरल्या की कळ्या फुटलेल्या डहाळीसारखे चित्र दिसते. रिपोर्टमध्ये त्याला ‘ट्री-इन-बड’ म्हणतात. रिपोर्टमध्ये आकारावरून तीन नावेही येतात : सरळ पाइपासारखी ती सिलिंड्रिकल, कुठे फुगलेली कुठे आवळलेली ती व्हॅरिकोज आणि फुग्यासारखी पोकळ झालेली ती सिस्टिक.

आणि जुना डाग कसा ओळखायचा?

डाग म्हणजे जखम भरून आल्यावर तयार झालेले कडक ऊतक. भाजलेली त्वचा बरी होताना आवळते, तसेच फुप्फुसही आवळते. सीटीवर पांढरे पट्टे दिसतात, तो भाग लहान झालेला असतो आणि आजूबाजूचे सारे त्याच्याकडे ओढले गेलेले असते. टीबीचा डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतो. म्हणून मुख्य श्वासनळी त्या बाजूला वाकते आणि फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्या वर सरकतात. सोबत चुना साठलेल्या टणक गाठी आणि जाड झालेले आवरण दिसू शकते.

डागाची सर्वांत भरवशाची खूण मात्र एका सीटीत दिसत नाही, ती दोन चित्रांच्या तुलनेत दिसते. जुना डाग वर्षानुवर्षे तसाच राहतो. चार वर्षांपूर्वीच्या फिल्मवर जे होते तेच आज असेल, तर तो डागच आहे. म्हणून जुने एक्स-रे आणि सीटी रद्दीत टाकू नयेत.

आता गुंता इथे होतो. डाग आवळतो तेव्हा त्यातून जाणाऱ्या नळीलाही चहूबाजूंनी ओढतो आणि नळी रुंद होते. याला ओढीमुळे झालेला, म्हणजे ‘ट्रॅक्शन’ ब्रॉन्कायेक्टॅसिस म्हणतात. इथे नळी वाकडीतिकडी दिसते आणि तिच्या अवतीभवती व्रणाचे पट्टे असतात. भिंत फारशी जाड नसते आणि आत कफही नसतो. ज्या नळीचा स्वतःचा आजार असतो, तिच्या भोवतीचे फुप्फुस पुष्कळदा बऱ्यापैकी नितळ असते, पण तिची भिंत जाड आणि आत कफ असतो. टीबीनंतर एकाच छातीत दोन्ही प्रकार सापडू शकतात. म्हणूनच तो जोडशब्द रिपोर्टमध्ये येतो.

आणखी एक साधी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वरच्या भागातल्या नळ्यांचा उतार खाली मुख्य नळीकडे असतो, त्यामुळे त्यांतला कफ आपोआप निचरून जातो. अशा आजाऱ्याला खोकला कोरडा असतो किंवा नसतोही. कधी तरी थुंकीतून रक्त येणे हेच एकमेव लक्षण असू शकते. खालच्या भागातल्या नळ्यांना मात्र चढ असतो. तिथला कफ उभे असताना वर येत नाही. पलंगावर कूस बदलली किंवा नमाजमध्ये सजद्यात गेले की तो सरकतो आणि खोकल्याची उबळ येते. आजाऱ्याने असे सांगितले तर ते डॉक्टरांना जरूर कळवावे.

एक रिपोर्ट वाचून पाहू

समजा, मालेगावातील 48 वर्षांच्या एक भगिनी आहेत. 11 वर्षांपूर्वी त्यांना टीबी झाला होता आणि त्यांनी सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला होता. गेली दोन वर्षे रोज सकाळी त्यांना अर्धा कप पिवळसर बेडका पडतो. थंडीत ताप येतो आणि बेडक्याला दुर्गंधी येते. दोनदा बेडक्यात रक्ताची रेघ दिसली. एक्स-रेमध्ये उजवीकडे वर सावली होती. तेवढ्यावरून एकदा त्यांना पुन्हा टीबीच्या गोळ्या दिल्या गेल्या, पण खोकला होता तसाच राहिला.

सीटीच्या रिपोर्टमध्ये तीन वाक्ये आहेत. पहिले : उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात व्रणाचे पट्टे, आकुंचन, चुना साठलेल्या दोन गाठी आणि ओढीमुळे रुंद झालेल्या नळ्या. दुसरे : उजव्या मधल्या आणि खालच्या भागात सिलिंड्रिकल आणि व्हॅरिकोज ब्रॉन्कायेक्टॅसिस, भिंती जाड, काही नळ्यांत कफाचे बूच. तिसरे : त्याच खालच्या भागात ट्री-इन-बड.

पहिले वाक्य जुन्या डागाचे आहे. पाच वर्षांपूर्वीची फिल्म शेजारी ठेवली तर वरची सावली जशीच्या तशी दिसते. तिथे कफ साचलेला नाही. रोजचा अर्धा कप बेडका या भागातून येत असण्याची शक्यता कमी आहे.

दुसरे वाक्य खरे महत्त्वाचे आहे. खालच्या भागातील एका नळीची आतली रुंदी 7 मिलिमीटर आणि शेजारच्या रक्तवाहिनीची 4 मिलिमीटर भरते. म्हणजे नळी जवळजवळ पावणेदोनपट रुंद आहे. भोवती व्रण नाही, भिंत जाड आहे, आत कफ आहे. कफाचा कारखाना इथे आहे, आणि एक्स-रेमध्ये नजर वरच्या डागावर खिळल्यामुळे तो दिसलाच नव्हता.

तिसऱ्या वाक्यावर घाई करायची नसते. ट्री-इन-बड दिसले की टीबी पुन्हा उठला, असा अंदाज बांधला जातो. टीबीत ते दिसते, हे खरे. पण कोणत्याही जंतूंमुळे बारीक नळ्या कफाने भरल्या तरी अगदी तसेच दिसते. सीटी नळीचा आकार दाखवतो, आतला जंतू कोणता ते सांगत नाही. ते थुंकी सांगते.

म्हणून पुढची पायरी थुंकीची. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या चाचण्या सरकारी केंद्रांत मोफत होतात. एक बारकावा मात्र आहे. ज्यांना पूर्वी टीबी झाला आहे, विशेषतः गेल्या एक-दोन वर्षांत, त्यांच्यात मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळेही सीबीनॅट पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे शंका असेल तर टीबीचे कल्चर लागते आणि त्याला सुमारे सहा आठवडे लागतात. साध्या जंतूंचे कल्चर वेगळे असते, ते दोन-तीन दिवसांत येते. या भगिनींच्या उदाहरणात टीबीच्या सर्व चाचण्या निगेटिव्ह येतात आणि साध्या कल्चरमध्ये स्यूडोमोनास हा जंतू वाढतो. टीबीच्या नेहमीच्या गोळ्या या जंतूवर चालत नाहीत. दुसऱ्या कोर्सने खोकला का थांबला नाही, याचे उत्तर इथे मिळते.

थुंकी देताना काळजी घ्यावी. सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्यापूर्वी साध्या पाण्याने चूळ भरावी, मोकळ्या हवेत जावे, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खोकून आलेला बेडका डबीत घ्यावा. नुसती लाळ दिली तर सगळी मेहनत वाया जाते.

सीटी कुठे फसवतो?

नुकताच न्यूमोनिया होऊन गेला असेल तर त्या भागातल्या नळ्या तात्पुरत्या रुंद दिसतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होऊ शकतात. तेवढ्यात कायमच्या आजाराचा शिक्का मारू नये. आजारातून उठल्यावर पुरेसा काळ जाऊ देऊन पुन्हा पाहावे.

वयाने सत्तरीकडे झुकलेल्या माणसांत नळी शेजारच्या रक्तवाहिनीपेक्षा थोडी रुंद असणे नेहमीचे आहे. बेडका नाही, वारंवार ताप नाही, आणि रिपोर्टमध्ये मात्र सौम्य ब्रॉन्कायेक्टॅसिस लिहिला आहे, तर औषधोपचाराची घाई नसते. सीटीतली खूण आणि आजाऱ्याची तक्रार या दोन्ही जुळल्या तरच तो आजार मानतात.

तपासणीच्या वेळी श्वास हलला किंवा हृदयाच्या ठोक्याने चित्र थरथरले, तर डाव्या बाजूला हृदयालगत एकाच रक्तवाहिनीच्या दोन रेघा उमटतात आणि त्या रुंद नळीसारख्या भासतात. काप जाड असतील तर उलट घडते, बारीक बदल हरवतात. चाचणी खोकल्यासाठी असेल तर केंद्रात ‘पातळ काप’ किंवा ‘एचआरसीटी’ अशी चिठ्ठी असल्याची खात्री करावी.

बदल कुठे आहेत, यावरूनही कारणाचा माग लागतो. जुना दमा असलेल्या माणसात छातीच्या मध्याजवळच्या नळ्या रुंद आणि घट्ट कफाने भरलेल्या दिसल्या, तर ॲस्परजिलस या बुरशीच्या ॲलर्जीची शंका येते. त्यासाठी रक्तातील आयजीई तपासतात, आणि तिचे उपचार टीबीपेक्षा सर्वस्वी वेगळे असतात.

फरक कळल्यावर घरात काय बदलते?

केवळ जुना डाग असेल तर त्याला औषध नसते आणि लागतही नाही. खोकल्याचे कारण मग दुसरीकडे, म्हणजे दमा, आम्लपित्त, तंबाखू, चुलीचा धूर किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या यांत शोधावे लागते.

नळी रुंदावलेली असेल तर तीही पूर्ववत होत नाही, पण तिच्यात कफ साचू न देणे आपल्या हातात असते. उपचाराचा पाया तोच आहे. फिजिओथेरपिस्टकडून पद्धत शिकून दिवसातून दोनदा, दर वेळी दहा ते वीस मिनिटे छाती मोकळी करायची. काही वेळ संथ श्वास घ्यायचा, मग तीन-चार खोल श्वास घेऊन प्रत्येक वेळी तीन सेकंद रोखायचे आणि नंतर तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ सोडतो तसा जोरात ‘हाऽऽ’ करून श्वास सोडायचा. बिघाड उजव्या खालच्या भागात असेल तर डाव्या कुशीवर झोपून हे केल्याने कफ उताराने बाहेर येतो. एखाद्याच्या घरी सून किंवा मुलगी हे करून घेत असेल, तर तिनेही ते एकदा प्रत्यक्ष पाहून शिकावे. थुंकीतून रक्त येत असताना हा व्यायाम थांबवावा.

बेडका वाढला, रंग गडद झाला, धाप किंवा ताप वाढला, तर आधी थुंकी कल्चरला द्यावी आणि मग डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिक बहुधा 14 दिवस घ्यावे लागते. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून ते सोडू नये. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारावे. खोकला दाबणारी सिरपे स्वतःच्या मनाने आणू नयेत, कारण इथे खोकला हीच कफ बाहेर काढण्याची वाट आहे.

रक्ताची बारीक रेघ दिसली तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे. चमचाभर किंवा त्याहून जास्त ताजे रक्त आले, तर वाट न पाहता, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. कोणत्या बाजूला बिघाड आहे हे ठाऊक असेल तर आजाऱ्याला वाटेत त्याच कुशीवर झोपवावे, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरत नाही.

डॉक्टरांकडे जाताना केवळ रिपोर्टचा कागद नेऊ नये. सीटीची सीडी, जुन्या सर्व फिल्म आणि टीबीच्या कोर्सचे कार्ड एका पिशवीत न्यावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : जुन्या फिल्मच्या तुलनेत काय बदलले आहे? नळ्या डागामुळे ओढल्या गेल्या आहेत की त्यांचा स्वतःचा आजार आहे? आणि टीबीचे औषध पुन्हा द्यायचे म्हणत असाल, तर थुंकीत काय निघाले?